शाळा नको म्हणणारे मूल आणि परतीच्या पायऱ्या

सकाळी साडेसातला पोटात दुखू लागते, साडेनऊला ते आपोआप थांबते आणि शनिवार-रविवारी त्याचे नावही नसते. घरात लहान मूल असलेल्या वाचकांना हे दुखणे ओळखीचे असेल. बहुतेक वेळा ते दोन दिवसांत विरून जाते. कधीकधी मात्र दोनाचे चार दिवस होतात, चाराचे दहा होतात, आणि मग आई-वडील, शिक्षक व मूल असे सगळेच एका गाठीत अडकतात. मी न्यू जर्सीतल्या शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. ही गाठ टप्प्याटप्प्याने कशी सोडवायची, एवढ्याच विषयावर हा लेख आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. शाळेत जाण्याच्या कल्पनेनेच मूल इतके घाबरते की घराबाहेर पडत नाही, किंवा गेलेच तर तिथे टिकत नाही, याला इथे ‘स्कूल रिफ्युजल’ म्हणतात. आपण त्याला शाळेला नकार म्हणू. हे दप्तर घेऊन निघून भलतीकडेच भटकणे नव्हे. हे मूल घरीच असते, आई-वडिलांना ठाऊक असते आणि त्याला स्वतःलाही ते मनातून आवडत नसते. हा नकार म्हणजे काही रोगाचे नाव नाही, ते एक लक्षण आहे. त्याच्या मागे निरनिराळी कारणे असतात. लहान मुलांत वारंवार दिसणारे एक कारण म्हणजे ताटातुटीची भीती, ज्याला डॉक्टर ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. आईला काही होईल, बाबा परत येणार नाहीत, मी इथे असताना घरी काहीतरी घडेल, अशी ती भीती असते. दीड-दोन वर्षांच्या मुलात ती स्वाभाविकच असते. शाळकरी वयात ती चार आठवड्यांहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर ती उपचाराची बाब ठरते.

भीतीला खाऊ कोण घालते?

समजा, एका सोमवारी मूल रडते आणि आई म्हणते, “बरं, आजचा दिवस राहा.” त्या क्षणी मुलाची छाती धडधडायची थांबते, पोट मोकळे होते, आणि आईलाही हायसे वाटते. ही सुटका इतकी गोड असते की मन त्यातून धडा शिकते, ‘घरी राहिलो म्हणून वाचलो’. शाळेत गेलो असतो तर पहिली वीस मिनिटे वाईट गेली असती आणि मग बरे वाटले असते, हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. मंगळवारी म्हणूनच भीती थोडी मोठी होऊन येते. शिवाय घरी टीव्ही असतो, गरम वरणभात असतो आणि आई जवळ असते. मूल लबाडी करते असे नाही. त्याची भीती खरीच असते, पण घरी राहण्याने ती पोसली जाते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे “थोडे दिवस घरी राहू दे, मन शांत झाले की जाईल,” हा उपाय उलटा पडतो. शांत झाल्यावर शाळेत जायचे नसते, शाळेत गेल्यावर शांत व्हायचे असते. दुसरी म्हणजे सहा आठवडे घरी बसलेल्या मुलाला एका सकाळी उचलून दिवसभरासाठी वर्गात सोडणेही बहुधा फसते. कारण तो दिवस मध्येच मोडतो, मूल रडत घरी येते आणि सुटकेचा धडा आणखी पक्का होतो. दोन-चार दिवसांचीच गैरहजेरी असेल तर सरळ पूर्ण दिवस सुरू करणे उत्तम. आठवडे उलटले असतील तर मधल्या पायऱ्या बांधाव्या लागतात.

आधी कारण, मग पायऱ्या

पायऱ्या बांधण्याआधी दोन तपासण्या आवश्यक आहेत. पहिली पेडिअॅट्रिशियनकडची. बेंबीभोवती दुखणे, तेही फक्त शाळेच्या सकाळी, हे भीतीचे दुखणे असू शकते. पण दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप, उलट्या किंवा शौचात रक्त असेल, वजन घटत असेल, किंवा दुखणे पोटाच्या एकाच बाजूला असेल, तर ते शरीराचे दुखणे समजून नीट तपासून घ्यावे. ही तपासणी सुरुवातीलाच, एकदा आणि व्यवस्थित करावी. दर आठवड्याला नवा डॉक्टर आणि नवी रक्ततपासणी चालू राहिली की मुलाला वाटते, मला नक्की काहीतरी मोठे झाले आहे.

दुसरी तपासणी शाळेतली. मूल कुणापासून किंवा कशापासून पळते आहे, हे आधी पाहावे. बसमध्ये कोणी छळते का, वाचताना अक्षरे जुळत नाहीत म्हणून वर्गात लाज वाटते का? भारतातून नुकत्याच आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाचे कारण अगदी साधे निघाले होते. बाथरूमला जाण्याची परवानगी इंग्रजीत कशी मागायची हे त्याला ठाऊक नव्हते, आणि एकदा कपडे ओले झाल्यापासून तो शाळेचे नाव काढू देत नव्हता. त्याला पायऱ्यांची गरज नव्हती. एक वाक्य आणि बाईंच्या टेबलावर ठेवलेले एक लाल कार्ड एवढ्याने काम झाले. असे खरे कारण असताना ते तसेच ठेवून मुलाला पायऱ्या चढायला लावणे अन्यायाचे होईल.

कारण शोधताना “का जात नाहीस?” असे विचारून सहसा उत्तर मिळत नाही, कारण ते मुलालाही नीट माहीत नसते. त्याऐवजी “शाळेत असताना घरी काय होत असेल असं तुला वाटतं?” किंवा “दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती?” असे विचारावे. रविवारी संध्याकाळी आंघोळ घालताना किंवा गाडीतून जाताना विचारावे, सकाळच्या घाईत विचारू नये.

एक उदाहरण

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. दोन-तीन मुलांच्या हकिकती एकत्र करून आणि ओळख पटणार नाही अशा रीतीने बदलून मी ते मांडते आहे. मुलीला आपण चिमी म्हणू. वय सात, दुसरीचा वर्ग. तिची आजी एप्रिलमध्ये पुण्याहून आली आणि सहा महिने राहून ऑक्टोबरमध्ये परत गेली. आजी तिला शाळेत सोडायची, आणायची, रात्री कुशीत घेऊन निजायची. परतीच्या दिवशी मुलगी रडून आकांत करेल म्हणून ती शाळेत असतानाच आजीला विमानतळावर पोचवायचे, असे घरच्यांनी ठरवले. आपल्यापैकी कितीतरी घरांत मायेपोटी असेच केले जाते.

पुढच्या आठवड्यात पोटदुखी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात दोन दिवस बुडाले, दुसऱ्यात तीन. तिसऱ्या आठवड्यात ती गेली, पण तीनदा शाळेच्या नर्सने दुपारपूर्वी आईला बोलावून घेतले. चौथ्या आठवड्यात चिमी घरातून बाहेर पडली नाही. ती आईच्या मागे मागे स्वयंपाकघरापासून बाथरूमच्या दारापर्यंत फिरू लागली. घरात मते तीन होती. आईला वाटे मुलगी आजारी आहे, बाबांना वाटे लाडावली आहे, आणि आजी रोज सकाळी दहाला पुण्याहून व्हिडिओवर येऊन म्हणे, “माझ्या बाळाला रडवून पाठवू नका गं.” त्या फोनवर चिमी तासभर खूष असायची. म्हणजे घरी राहिले की आजी भेटते, हाही धडा रोज गिरवला जात होता.

“शाळेत असताना घरी काय होत असेल?” या प्रश्नावर चिमीने बराच वेळ पेन्सिल फिरवली आणि मग म्हणाली, “मी शाळेत असले ना, की लोक एअरपोर्टला जातात.” तिच्या हिशेबात काही चूक नव्हती. एकदा तसे झालेच होते. म्हणून पायऱ्यांच्या आधी आई-बाबांनी तिला खरे काय ते सांगितले, की आजी न सांगता गेली कारण आम्हाला तुझे रडणे बघवले नसते. यापुढे कोणीही गावाला जाणार असेल तर तुला आधी कळेल, आणि तू रडलीस तरी चालेल. हे वचन घरच्यांनी पाळले. कारण ताटातुटीच्या भीतीत मूल शब्दांपेक्षा अनुभव मोजते.

योजना कागदावर

मग शाळेत बैठक झाली. आई, बाबा, वर्गशिक्षिका, स्कूल कौन्सेलर, नर्स आणि मी असे सहाजण होतो. बैठकीत तीनच गोष्टी ठरवायच्या असतात. मुलाला दारात कोण घेईल, मूल रडले किंवा पोट दुखले तर कोण काय करील, आणि पायऱ्या कोणत्या. हे सगळे एका कागदावर लिहून प्रत्येकाला प्रत द्यावी. नाहीतर बदली शिक्षिका येते, तिला काही ठाऊक नसते, आणि ती बिचारी दयेने घरी फोन लावते.

चिमीची शाळा साडेआठ ते तीन. तिच्यासाठी आम्ही दिवसाच्या शेवटाकडून सुरुवात केली. सकाळचा निरोप हा ताटातुटीच्या भीतीतला सर्वांत अवघड क्षण असतो, म्हणून तो शेवटच्या पायरीवर ठेवला. दिवसाचा शेवटचा तास घेतला की मूल घंटा वाजल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर पडते, आणि ‘मी शाळा पूर्ण करून आले’ ही भावना पहिल्याच दिवशी मिळते. सकाळी नेऊन दहा वाजता परत आणले तर ते सुटका करून घेतल्यासारखे वाटते. अर्थात काही मुले दुपारपर्यंत घरी बसून धास्तीने झुरतात. त्यांच्यासाठी सकाळीच सुरुवात करून वेळ पुढे वाढवणे बरे. कोणती बाजू घ्यायची हे मुलाकडे पाहून ठरवावे.

बुधवार निवडला, म्हणजे पहिला आठवडा तीनच दिवसांचा होईल. आधीच्या रविवारी बाबा आणि चिमी शाळेच्या मैदानावर वीस मिनिटे खेळून आले. इमारत बंद होती, पण आपल्या वर्गाची खिडकी तिने शोधून काढली. बुधवार ते शुक्रवार दुपारी दोन ते तीन. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी आणि मंगळवारी एक ते तीन, बुधवारपासून साडेअकरा ते तीन, म्हणजे डबा आणि मधली सुट्टी धरून. तिसऱ्या आठवड्यात पहिले तीन दिवस दहापासून, पुढचे दोन दिवस पावणेनऊपासून, म्हणजे दारातली गर्दी ओसरल्यावर. चौथ्या आठवड्यात पूर्ण दिवस. बाबा तिला सोडत, कारण आईचा हात सुटणे तिला अधिक जड जात होते. त्यांनी ऑफिसातली जेवणाची सुट्टी त्या वेळेला जुळवून घेतली.

घरी असलेल्या वेळेत शाळेसारखेच वातावरण ठेवायचे असे ठरले. शाळेच्या वेळी टीव्ही नाही, टॅब्लेट नाही, आईच्या पलंगावर लोळणे नाही. बाईंनी दिलेले काम टेबलाशी बसून करायचे. ही शिक्षा नव्हे. घर कंटाळवाणे झाले की शाळेचे आकर्षण थोडे वाढते, इतकेच. आजीचा रोजचा दहाचा फोन बंद होऊन शनिवारी सकाळी नऊला ठरला. आजीला हे पटायला वेळ लागला, पण शनिवारी ती “या आठवड्यात किती पायऱ्या चढलीस गं?” असे विचारू लागली, आणि मग तिच्यासारखा मदतनीस दुसरा नव्हता.

भीती मोजायची कशी

चिमीला आम्ही शून्य ते दहा असा भीतीचा थर्मामीटर काढून दिला. शून्य म्हणजे रविवारी सोफ्यावर बसल्यासारखे, दहा म्हणजे पळून जावेसे वाटणे. दारात शिरताना एक आकडा आणि निघताना एक आकडा कौन्सेलर लिहून घेत असे. पहिल्या बुधवारी शिरताना नऊ होते, निघताना पाच. गुरुवारी आठ आणि चार, शुक्रवारी सहा आणि दोन. हे उतरते आकडे मुलाला दाखवावेत, कारण ‘भीती आपोआप उतरते’ हे त्याने स्वतःच्या अंगाने पाहिलेले असते.

नव्या पायरीवर आकडा पुन्हा चढतो. साडेअकराच्या पायरीवर चिमी पुन्हा आठवर गेली, कारण डबा खाताना आणि मैदानावर शिक्षिका जवळ नसते. आई घाबरली की सगळे मुसळ केरात गेले. तसे नव्हते. नव्या पायरीवरची भीती म्हणजे पाऊल चुकल्याची खूण नव्हे. ती दोन-तीन दिवसांत उतरते का, एवढे पाहायचे. मूल ठरलेली वेळ लागोपाठ दोन-तीन दिवस टिकले आणि आकडा उतरू लागला की पुढची पायरी घ्यावी. आकडा शून्य होण्याची वाट पाहू नये, तशी वाट पाहिली तर योजना महिनोन् महिने रेंगाळते. आकडा उतरतच नसेल तर पायरी फार उंच आहे. तेव्हा खाली घरापर्यंत न उतरता मधे अर्धी पायरी बांधावी. चिमीला आम्ही दोन दिवस डबा वर्गातच एका मैत्रिणीबरोबर खाऊ दिला आणि मग मोठ्या हॉलमध्ये पाठवले.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम हा, की घरी जाण्याची वेळ घड्याळाने ठरते, रडण्याने नाही. दोन ते तीन ठरले असेल तर अडीचला रडू आले म्हणून नेऊ नये, आणि छान रमली म्हणून पायरी अचानक वाढवूही नये. रडण्यावर घरी नेले तर रडणे हीच घराची किल्ली ठरते. खुषीवर वेळ वाढवली तर मूल पुढच्या वेळी खूष दिसायलाच घाबरते.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी योजनेची परीक्षा झाली. वर्गशिक्षिका रजेवर होती, बदली बाई आली आणि चिमीचे पोट दुखू लागले. नर्सच्या कागदावर ठरलेले होते, की ताप मोजायचा, दहा मिनिटे पडू द्यायचे, पाणी द्यायचे आणि वर्गात पोचवायचे. १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल अथवा खरोखर उलटी झाली, तरच घरी फोन. ताप नव्हता. चिमी रडत वर्गात गेली आणि तीन वाजता हातात कागदी टर्की घेऊन बाहेर आली. बुधवारी शिरताना तिचा आकडा चार होता.

दारातला एक मिनिट

निरोप लांबला की भीती वाढते. एक मिठी, एक वाक्य, आणि निघायचे. सगळे मिळून एका मिनिटाच्या आत. आपल्या भाषेची इथे छान सोय आहे. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. “येते हं, तीन वाजता गेटपाशी,” एवढे वाक्य पुरे. त्यात परत येण्याचे वचन आहे आणि वेळही आहे. मग तीनला खरोखर तिथे असावे. पहिल्या महिन्यात पाच मिनिटांचा उशीरही मुलाला फार मोठा वाटतो. “घाबरू नकोस, काही होणार नाही,” हे दहादा सांगितले तर मुलाला वाटते, काहीतरी होण्यासारखे नक्की आहे. त्याऐवजी “भीती वाटते आहे मला दिसतंय, आणि तू हे करू शकतेस,” एवढे एकदाच म्हणावे.

मूल खेळात गुंतले की गुपचूप सटकणे टाळावे. त्या दिवशी निरोप सोपा होतो, पण मूल दुसऱ्या दिवसापासून डोळ्याला डोळा लावून बसते. “मी पार्किंगमध्येच थांबले आहे,” असे सांगून ऑफिसला निघून जाऊ नये. मूल एकदा खिडकीतून पाहते आणि विश्वास जातो. खरेच थांबायचे असेल तर तीही एक पायरी धरून तिचा शेवटचा दिवस आधीच सांगावा. “असं केलंस तर पोलीस नेतील,” “तुला इथेच ठेवून आम्ही भारतात जाऊ,” ही आपल्याकडची सहज धमकी या मुलांच्या बाबतीत आगीत तेल ओतते, कारण नेमके तेच त्याच्या मनात चाललेले असते.

निरोपाचा सराव शाळेबाहेरही करता येतो. आई दुकानात वीस मिनिटे गेली आणि चिमी बाबांजवळ राहिली. मग मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत ती एकटी एक तास थांबली. ओळखीची माणसे, ओळखीची भाषा आणि थोडाच वेळ असल्याने अशी जागा सरावाला फार चांगली.

एक गोष्ट इथल्या शिक्षकांना आपण होऊन सांगावी लागते. आपल्या घरात मूल आई-वडिलांजवळ किंवा आजीजवळ निजणे ही साधी रीत आहे, तेवढ्यावरून कोणी आजार ठरवू नये. प्रश्न एवढाच असतो, की गरज पडली तर मूल दुसऱ्या कुणाजवळ निजू शकते का. चिमी पहिल्या आठवड्यात बाबांजवळ निजू लागली, आणि तीही एक पायरीच होती.

हजेरी, हक्क आणि खर्च

अमेरिकेत शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहा टक्के बुडाले की मूल दीर्घ गैरहजर समजले जाते. १८० दिवसांच्या वर्षात ते अठरा दिवस होतात, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेले दिवसही त्यात धरले जातात. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशीच शाळेला लेखी कळवून बैठक मागावी. पत्र येण्याची वाट पाहू नये. भीतीमुळे शिक्षण अडत असेल तर १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अॅक्टच्या कलम ५०४ खाली शाळेकडे सवलतींची लेखी योजना मागता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. ती मिळेलच असे नाही, पण लेखी मागणीची नोंद राहते.

सोडण्या-आणण्यासाठी रजेचा प्रश्न येतो. १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अॅक्टखाली, पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत वर्षभर आणि किमान १,२५० तास काम केलेल्या व्यक्तीला मुलाच्या गंभीर आजारासाठी बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते, आणि ती तासातासांनीही घेता येते. मनाचा आजारही त्यात बसू शकतो, मात्र उपचार करणाऱ्याचा दाखला लागतो. थेरपिस्ट निवडण्याआधी तो आपल्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का, एवढे फोन करून विचारावे. कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असेल तर पहिल्या काही भेटी बहुधा मोफत असतात.

पायऱ्या पुरेशा नसतील तेव्हा

दोन-तीन आठवडे योजना नीट पाळूनही मूल पहिल्याच पायरीवर अडले असेल, तर मुलांच्या चिंतेवर काम करणारा थेरपिस्ट शोधावा. त्याला ‘तुम्ही कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी करता का आणि शाळेशी बोलता का’, हे दोन प्रश्न विचारावेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात चिंतेचे विकार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर उपचार केले गेले. नुसत्या थेरपीने सुमारे ६० टक्के मुलांना चांगला फरक पडला, थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध मिळून सुमारे ८१ टक्के, तर नुसत्या खोट्या गोळीने सुमारे २४ टक्के मुलांना. म्हणून डॉक्टरांनी औषध सुचवले तर ते हार मानल्यासारखे समजू नये, पण पायऱ्यांशिवाय नुसत्या औषधावर विसंबूही नये.

मिडल स्कूलमधल्या किंवा त्याहून मोठ्या मुलाचा नकार वेगळा असतो. तिथे ताटातुटीपेक्षा चारचौघांची लाज, परीक्षा, छळ किंवा नैराश्य अधिक दिसते, आणि मूल रात्रभर जागून दिवसा झोपते. तिथे तज्ज्ञ लवकर गाठावा. मुलाच्या तोंडी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे शब्द आले तर पायऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक यासाठी दिवसरात्र चालू असतो.

चिमी थँक्सगिव्हिंगपूर्वी पूर्ण दिवस शाळेत जाऊ लागली. पण चार दिवसांच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी आकडा पुन्हा सहावर गेला, आणि ते अपेक्षितच होते. प्रत्येक लांब सुट्टीनंतर, आजारपणानंतर आणि विशेषतः भारतातून परतल्यावर ही भीती डोके वर काढते. म्हणून परतीचे तिकीट असे काढावे की शाळा उघडण्याआधी घरी तीन-चार दिवस मिळतील. झोपेचे घड्याळ तेवढ्यात बरेचसे जुळते. आदल्या दिवशी मैदानावर एक फेरी मारावी, बाईंना एक चिठ्ठी पाठवावी, आणि पहिल्या सकाळी दारात कोण घेणार हे ठरवून ठेवावे. आजी पुन्हा येणार असेल तर तिच्या जाण्याची तारीखही ती येण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर मुलाच्या हाताने लिहून घ्यावी, आणि त्या दिवशी शाळा बुडाली तरी मुलाला विमानतळावर न्यावे. त्या एका दिवसाची गैरहजेरी फार स्वस्त पडते.